कथा: विंडचीटर (दुचाकीवाल्यांनी वाचून सांगावं)

अनघा_वि

नमस्कार मंडळी. कथा काल्पनिक आहे, रस्ता मात्र खरा. माझं ऑफिस नळस्टॉपजवळ आहे. संध्याकाळी हॉटेलांच्या दाराशी ऑर्डरची वाट बघत उभी असलेली मुलं रोज दिसतात, त्यातून ही कथा सुचली. इथे दुचाकीवर दिवस काढणारे बरेचजण आहेत. गाडी, कपडे, पाऊस यातलं काही खटकलं तर मोकळेपणाने लिहा.

---

दसरा होऊन आठवडा झाला होता आणि ऊन असं होतं की सिग्नलला थांबलं की हेल्मेटमधला घाम मानेवर उतरायचा. दत्ताने रेनकोट गावीच ठेवला होता, औशाजवळ. पँट आणि जाकीट असा चांगला दोन तुकड्यांचा, जूनमध्ये अठराशे रुपये मोजून घेतलेला. बाप रात्री कापून रचलेल्या सोयाबीनच्या बनीमपाशी झोपायला जात होता आणि त्याच्याकडे घोंगडीशिवाय काही नव्हतं. "पुण्यातला पाऊस सरला आता," असं म्हणून दत्ताने पिशवी खुंटीला अडकवली आणि एसटी धरली.

गाडीवर उरलं होतं ते विंडचीटर. पातळ, राखाडी, पहाटेच्या गारठ्यापुरतं.

सव्वासातला ऑर्डर पडली. नळस्टॉपहून भुसारी कॉलनी. दोन बिर्याण्या, एक सोलकढी. तो हॉटेलाच्या काउंटरशी उभा असतानाच हडपसरच्या बाजूचं आभाळ एकदा लखकन उजळलं. पाकीट हातात येईपर्यंत वारा सुटला, कर्वे रस्त्यावरची धूळ आणि पानं उठली, आणि मग थेंब पडायला लागले, रुपयाएवढे.

"थांब जरा," इम्रान म्हणाला. तोही ऑर्डरसाठीच उभा होता.

"किती थांबू? बिर्याणी तयार आहे."

विंडचीटरची चेन गळ्यापर्यंत ओढून दत्ता निघाला. पहिली काही मिनिटं पाणी कापडावरून घरंगळत राहिलं आणि त्याला वाटलं, जमतंय. मग सरी आल्या. आधी चेनच्या रेषेवरून गार पाणी छातीला लागलं, मग खांद्याच्या शिवणीतून. हँडल धरलेल्या हातांवरून पाणी बाहीत शिरून कोपरापर्यंत गेलं. मांडीवर तळं साचलं आणि ते जीन्समधून सीटवर उतरलं. बूट कापडी होते, त्यांचं काय सांगायचं!

दशभुजा गणपतीपाशी त्याने गाडी वळवली आणि उलट फिरून हॉटेलाशीच परत आला. इम्रान अजून तिथेच होता. त्याने आपल्या बॅगेतून पोंचो काढला, ट्रेकवाल्या पोरांचा असतो तसा, डोक्यातून घालायचा. "घे. माझ्याकडे रेनसूट आहे. अन् हे आतनं घाल." हॉटेलच्या पोऱ्याकडून त्याने कचऱ्याची काळी मोठी पिशवी मागून घेतली, तळाशी डोक्यापुरतं आणि बाजूंना हातांपुरतं फाडलं, आणि दत्ताच्या शर्टावर चढवली. वरून विंडचीटर. वरून पोंचो.

पौड फाट्याच्या उड्डाणपुलावर वाऱ्याने पोंचो उचलला. मागची झूल फडफडत चाकाकडे गेली आणि पुढची सरळ तोंडावर आली. दत्ताला दोन क्षण काहीच दिसलं नाही. त्याने ब्रेक दाबला नाही, फक्त ॲक्सिलेटर सोडला, डाव्या हाताने कापड खाली ओढलं. मागून पीएमटी हॉर्न देत होती.

आनंदनगर मेट्रो स्टेशनखाली त्याने गाडी फुटपाथवर चढवली. तिथे आधीच पन्नासेक दुचाक्या होत्या. पोंचो काढून त्याची घडी केली आणि बॅगेवरच अंथरून इलॅस्टिकच्या दोरीने आवळून बांधला. बिर्याणीला छत झालं. अंगावर पुन्हा विंडचीटर आणि आत काळी पिशवी. छातीला आता नवं पाणी लागलं नाही, बाकी सगळं भिजलं.

मोबाईल हँडलवरच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात होता. पाकीट आतून धुरकटलं होतं आणि नकाशा आपोआप मोठा-लहान होत होता. थेंबांनाच तो बोटं समजत होता. पुढचा रस्ता दत्ताने आठवणीवर काढला.

भुसारी कॉलनीत तिसरा मजला. दार एका आजींनी उघडलं. पाकीट दिलं, पण मोबाईलवरची 'पोहोचवली' ची पट्टी सरकेना. बोट ओलं, काच ओली, शर्टाची बाही ओली. पुसायला कोरडं असं अंगावर काहीच नव्हतं.

"काय शोधतोस रे?"

"कोरडं फडकं, आजी. मोबाईल चालंना."

आजींनी आतून जुन्या सुती साडीचा तुकडा आणला. त्याने आधी बोटं पुसली, मग काच. पट्टी सरकली.

जिन्यात बसून त्याने घरी फोन लावला.

"बनीम झाकली का?"

"झाकली की. दोन ताडपत्र्या टाकल्या, चारी अंगाला दगडं लावली. हिकडं बी विजा चालल्यात."

"तुम्ही कुठं?"

"गोठ्यात. तुझाच रेनकोट हाय अंगात. तू भिजला न्हाईस ना रं?"

"नाही," दत्ता म्हणाला आणि बुटातलं पाणी पायरीवर ओतलं.

---

सुमन_काकू

अनघा, डोळ्यांत पाणी आलं गं. या दत्ताचा पत्ता किंवा फोन मिळेल का? आमच्या ह्यांचा एक रेनकोट नवा कोरा पडून आहे, त्याच्या मापाचा होईल. भुसारी कॉलनीत माझी नणंद राहते, ती आजी तर नसेल ना ती?

अनघा_वि

काकू, दत्ता काल्पनिक आहे, आजीही. पण रेनकोट खरा आहे तर मला व्यक्तिगत निरोप टाका. आमच्या खालच्या हॉटेलाशी उभ्या असणाऱ्या मुलांपैकी कुणाला तरी नक्की होईल. ऑक्टोबरात बऱ्याच जणांकडे काहीच नसतं.

पाठीवरची_बॅग

मी काही वर्षं हेच काम केलं, आता दुकान चालवतो. तुम्ही भिजण्याचा क्रम बरोबर पकडलाय. लोकांना वाटतं पाऊस डोक्यावरून येतो. गाडीवर तो समोरून येतो. म्हणून चेन पहिली, मग मांडी. उभ्या माणसाच्या कपड्यावरून पाणी निथळतं, पण बसलेल्याच्या मांडीवर ते साठतं आणि वर आपलंच वजन सीटवर दाबत असतं. चांगल्या रेनपँटा पण तिथेच हरतात.

काळी पिशवी आतून घातली हे एकदम बरोबर. बाहेरून घातली असती तर पाच मिनिटांत चिंध्या झाल्या असत्या. आतून घातली की विंडचीटर तिला अंगाशी धरून ठेवतं. छाती आणि पोट कोरडं राहिलं की माणूस टिकतो.

एक गोष्ट कथेत नाही ती सांगतो. बोटं. ऑक्टोबरातली सर गार असते आणि आत सुती कपडा भिजलेला. अर्ध्या तासात बोटं बधीर होतात, क्लच सोडताना गाडी धक्का खायला लागते. तेव्हा समजायचं की ब्रेकही उशिराच लागणार आहे, आणि थांबायचं. दत्ताच्या बाबतीत हे जिन्यात दाखवता येईल. फोन लावताना बोट वळत नाही, असं.

भटकंती_सह्याद्री

कथा आवडली, पण पोंचोला उगाच खलनायक केलंय. मी राजमाची, तोरणा, हरिश्चंद्रगड सगळं भर पावसात पोंचोवर केलंय. रेनकोटात माणूस आतून घामाने भिजतो, पोंचोत हवा खेळती राहते आणि पाठीवरची सॅकही झाकली जाते. दत्ताच्या बॅगेला तर हेच हवं होतं.

पाठीवरची_बॅग

चालताना शंभर टक्के मान्य. गाडीवर नाही. ज्या मोकळेपणाने हवा खेळते त्याच मोकळेपणाने वारा आत शिरतो. चाळीसच्या वेगाला पोंचो फुगा होतो. मागची झूल चाकाच्या तारांत किंवा साखळीत जाऊ शकते. ती गेली नाही तरी मागचा लाल दिवा झाकते, आणि पावसात मागच्या गाडीला तुम्ही दिसतच नाही. दत्ताला हॉर्न देणाऱ्या बसचं कारण तेच असणार. बरं झालं, त्याने तो काढून बॅगेवर बांधला. फक्त एक: इलॅस्टिकच्या दोरीची टोकं लोंबकळू द्यायची नाहीत, आकडा निसटला की तो पण चाकातच जातो.

भटकंती_सह्याद्री

लाल दिव्याचं लक्षात आलं नव्हतं. मी गडाच्या पायथ्यापर्यंत गाडीवर पोंचो घालूनच जातो. कमरेला पट्टा बांधला तर?

पाठीवरची_बॅग

पट्ट्याने फडफड कमी होते. तोंडावर यायचा तो येतोच, कारण पुढचा भाग हँडलपर्यंत पसरलेला असतो. माझं मत बदलत नाही.

रविवारपेठ

आमचं रेनकोट-छत्र्यांचं जुनं दुकान आहे. विंडचीटरबद्दल दर वर्षी गिऱ्हाईकांशी हेच बोलणं होतं. कापड विणलेलं असतं, त्यावर पाणी झटकणारा हलका थर. भुरभुर पावसात थेंब मोत्यासारखे घसरतात, म्हणून लोकांचा विश्वास बसतो. जोराच्या सरीत तो थर थकतो, कापड पाणी धरतं. पण त्याआधीच शिवण फुटलेली असते. शिवण म्हणजे सुईची शेकडो भोकं. खऱ्या रेनकोटात शिवणीवर आतून पट्टी असते, गरम दाबून चिकटवलेली. दुकानात जाकीट उलटं करा आणि खांदा, काख आणि पँटचा जांघेचा जोड बघा. पट्टी नसेल तर पाटीवर काहीही लिहिलेलं असो, ते विंडचीटरच.

घरी तपासायचं तर पँट धरून जांघेच्या खोलगट भागात तांब्याभर पाणी ओता, खाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद ठेवा आणि चहा करून या. कागदावर डाग पडला की जोड गेला.

आणि दत्ताच्या बापाला निरोप: रेनकोट ओलाच घडी करून ठेवू नये. आतला थर आधी चिकट होतो, मग त्याचे पापुद्रे सुटतात. दोरीवर सावलीत वाळवायचा. उन्हात टांगलेला रेनकोट लवकर मरतो.

सुमन_काकू

हे फार कामाचं सांगितलंत. ह्यांचा रेनकोट घडी करूनच होता. उघडून बघते आणि मगच देते.

कोथरूडकर_जुने

लेखनशैली चांगली, परंतु दत्ताचं वागणं पटलं नाही. पाऊण तास पाऊस असतो, थांबायचं. जीव मोठा की बिर्याणी? ग्राहक समजून घेतात. आणि हेल्मेटच्या काचेवर बटाटा चोळावा, स्वच्छ दिसतं. हा जुना आणि खात्रीचा उपाय आहे.

पाठीवरची_बॅग

बटाटा आतल्या बाजूला ठीक. श्वासाची वाफ काचेवर धरत नाही थोडा वेळ, शांपूचा पुसट हात दिला तरी तेच होतं. बाहेरच्या थेंबांना त्याचा उपयोग नाही, आणि पाणी आत गेलं की तोही धुऊन जातो. जोराच्या पावसात आम्ही काच बोटभर उघडी ठेवायचो. डोळ्यांत थेंब येतात, पण वाफ जाते. रात्री समोरच्या दिव्यांत ओली काच सगळं फोडून दाखवते, तिला माझ्याकडे तरी इलाज नव्हता, वेग कमी करायचा एवढंच.

थांबण्याबद्दल. काका, ग्राहक समजून घेतात हे खरं आहे, बरेचदा घेतातच. पण हातात घेतलेली ऑर्डर थांबवली की पुढची येत नाही. संध्याकाळचे सात ते दहा हेच कमाईचे तास, आणि पावसात दर ऑर्डरमागे वरचे पैसे मिळतात. म्हणजे ज्या वेळी थांबायला हवं त्याच वेळी निघायचे पैसे जास्त. दत्ता मूर्ख नाही. त्याने हिशेब केलाय.

कोथरूडकर_जुने

हिशेब समजला. तरी उड्डाणपुलावर तोंडावर कापड आलं ते वाचून माझा जीव वरखाली झाला. माझा मुलगा त्याच पुलावरून येतो. मी असं म्हणेन की पहिली दहा-पंधरा मिनिटं तरी थांबावंच. पंधरा दिवस कोरडं गेल्यावर रस्त्यावर ऑइल आणि धूळ बसलेली असते, पहिल्या पाण्यात तिचा चिखल होतो. नंतर जोरात पडला की धुऊन जातं.

पाठीवरची_बॅग

हे अगदी बरोबर बोललात. मी पडलो तो अशाच पहिल्या सरीत, सिग्नलच्या पांढऱ्या पट्ट्यावर. फक्त थांबायचं कुठे, हा प्रश्न उरतो. पुलाखाली सगळे रस्त्यावरच गाड्या लावतात, अर्धा रस्ता अडतो आणि पावसातून आंधळा आलेला टेम्पो थेट गर्दीत घुसू शकतो. दत्ताने गाडी फुटपाथवर चढवली हे म्हणून मला आवडलं. पायी जाणाऱ्यांना त्रास होतो, तरीही.

कोथरूडकर_जुने

फुटपाथवर गाडी चढवणं मला मान्य नाही. स्टेशनच्या जिन्याखाली बायका-मुलं उभी असतात.

ई_स्कूटर_प्रश्न

माझी विजेची स्कूटर आहे. अशा पावसात चालवली तर शॉक बसतो का? परवा गुडघाभर पाण्यातून काढली, काही झालं नाही, पण बायको म्हणते आता विकून टाका.

पाठीवरची_बॅग

पावसात चालवायला हरकत नसते, पण गुडघाभर पाण्यात घालू नका. कंपनीच्या पुस्तकात किती पाणी चालतं ते दिलेलं असतं, तेवढंच धरा. चार्जिंगचं तोंड ओलं असताना प्लग लावू नका. आणि कुठलीही गाडी पाण्यातून बाहेर काढली की थोडं अंतर हलका ब्रेक धरून चालवा. ड्रमचे ब्रेक ओले असले की पहिल्या दाबाला धरत नाहीत.

ढगवेडा

एक वेगळा मुद्दा. कोथरूडला आणि औशाला एकाच संध्याकाळी विजा, हे कुणाला जुळवून आणलेलं वाटेल. दोन गावांत दोनशेहून जास्त किलोमीटर आहेत, एकच ढग तिथवर नसतो. पण बंगालच्या उपसागरातून कमी दाबाचं क्षेत्र पश्चिमेकडे सरकत आलं की मराठवाडा आणि पुणे दोन्हीकडे त्याच दिवशी वेगवेगळे ढग उभे राहतात. दिवसभर उकाडा, चारनंतर गोबीच्या गड्ड्यासारखे वाढणारे ढग, रात्री मोकळं. 'हडपसरच्या बाजूने' हेही अचूक. जुलैचा पाऊस कोथरूडला सिंहगडाकडून येतो, परतीचा बहुधा पूर्वेकडून. आपण सवयीने पश्चिमेला बघतो आणि तो पाठीमागून गाठतो.

दसऱ्यानंतर आठवडा म्हणजे साधारण चित्रा नक्षत्र. चित्राचा पाऊस पडतोच, आमचे आजोबा त्या दिवसांत खळं उघडं ठेवू द्यायचे नाहीत. त्यामुळे 'पाऊस सरला' हे शेतकऱ्याचा मुलगा म्हणेल का, अशी मला शंका आहे.

अनघा_वि

दत्ताला माहीत आहे, असं माझ्या मनात आहे. बापाने रेनकोट ठेवून घ्यावा म्हणून तो तसं म्हणतो. वाचताना ते पोहोचत नसेल तर एखादं वाक्य वाढवावं लागेल. बाकीच्यांना कसं वाटलं?

रविवारपेठ

मला पहिल्या वाचनात कळलं. वाढवू नका.

भटकंती_सह्याद्री

मला नाही कळलं. मला वाटलं तो खरंच गाफील होता. पिशवी खुंटीला अडकवताना बाप काहीतरी बोलला असता तर कळलं असतं.

पाठीवरची_बॅग

मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते फडकं. कोरडं फडकं प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून बॅगेच्या तळाशी ठेवायचं, हे प्रत्येकजण पहिल्या पावसात शिकतो. दत्ता जूनपासून काम करतोय ना? मग चार महिन्यांचा पाऊस त्याने फडक्याविना काढला का?

अनघा_वि

फडकं रेनकोटाच्याच पिशवीत होतं. ती पिशवी औशाला खुंटीवर आहे. हे मात्र कथेत घालते.

पाठीवरची_बॅग

घाला. आणि बापाला फोनवर विचारू द्या की या पिशवीत हे चिंधुक कसलं आहे.